इसाराचे तीन लाख, पण रोख नकोत

नमस्कार श्रोतेहो.

मी वकील आहे. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत जागांचे दस्त तपासणं आणि लिहून देणं हे माझं रोजचं काम. एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. ओळखीच्या निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. यजमानांनी घेऊन ठेवलेला प्लॉट त्यांना विकायचा होता आणि छत्तीस लाखांना सौदा ठरला होता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, घेणारे समोर बसलेत. इसाराचे तीन लाख रोख आणलेत, पिशवी टेबलावर आहे. पावती कशी लिहू तेवढं सांगा."

मी म्हटलं, "बाई, पावती राहू द्या. आधी त्या पिशवीला हात लावू नका."

आजचं बोलणं त्या पिशवीबद्दलच आहे.

आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात दोन लाखांचा आकडा पक्का बसलाय. दोन लाखांच्या आत रोख चालतं, असं चहाच्या टपरीवरही कुणी सांगेल. तो नियम आहे खरा, १ एप्रिल २०१७ पासून, पण तो इतर व्यवहारांसाठी. जमीन, घर, गाळा अशा स्थावर मिळकतीच्या पैशांना त्याच्या आधीपासून वेगळी आणि फार कडक मर्यादा लागू आहे. जुन्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएसमध्ये १ जून २०१५ पासून ती आली. मिळकतीच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायची नाही. इसार म्हणा, बयाणा म्हणा, टोकन म्हणा, नावाने काही बदलत नाही. पुढे व्यवहार झाला काय नि मोडला काय, रक्कम घेतली त्याच दिवशी नियम मोडला. जुना दस्त घ्या की नवा, नियम तोच. २०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करताना कलमांचे क्रमांक बदलले, पण वीस हजारांची रेघ आहे तिथेच राहिली.

आता दंड कुणाला आणि किती? इथे माणसं हमखास चुकतात. पैसे देणाऱ्याला होत असेल असं वाटतं. तसं नाही. दंड पैसे घेणाऱ्याला, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच. बाईंनी ती पिशवी घेतली असती तर तीन लाख घेतल्याबद्दल तीन लाख दंड. म्हणजे इसार हातात आला आणि तसाच्या तसा गेला. वर 'इसारापोटी रोख तीन लाख मिळाले' अशी सहीची पावती, म्हणजे पुरावा बाईंनी स्वतःच लिहून दिलेला. नियम मोडण्यामागे वाजवी कारण होतं हे पटवता आलं, तर दंडातून सुटायची वाट कायद्यात आहे. पण ते पटवायची जबाबदारी तुमची, आणि 'मला माहीत नव्हतं' या उत्तराच्या भरवशावर मी तरी कुणाला सोडणार नाही.

फोन स्पीकरवर होता. घेणारे गृहस्थ व्यापारी, हुशार. ते म्हणाले, "मग एकोणीस-एकोणीस हजार करून देतो." मी सांगितलं, चालणार नाही. त्याच माणसाकडून आधी घेतलेली रक्कम बाकी असेल तर ती नव्या रकमेत धरली जाते. दुसऱ्याच हप्त्याला बेरीज अडतीस हजार होते.

"बेअरर चेक देऊ?" तोही नाही. चेक लागतो तो अकाउंट पेयी, म्हणजे डाव्या कोपऱ्यात दोन रेघा आणि मध्ये ते शब्द लिहिलेला, जो फक्त खात्यातच जमा होतो. बेअरर चेक काउंटरवर वटवला की हातात रोकडच येते.

मग त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. "बरं, बाईंचा खाते क्रमांक द्या, उद्या बँकेत जाऊन मी त्यांच्या खात्यात रोख भरतो. बँकेतूनच झालं ना?" हे मी इतक्यांदा ऐकलंय! खात्यात नोटा भरणं म्हणजे बँकेमार्फत पैसे देणं नव्हे. पैसे एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात पोचायला हवेत. एनईएफटी, आरटीजीएस, यूपीआय, डिमांड ड्राफ्ट, अकाउंट पेयी चेक, यातलं काहीही चालेल.

एक अपवाद सांगून पुढे जातो, कारण गावाकडचे श्रोते विचारतील. पैसे देणारा आणि पैसे घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी एकाचंही करपात्र उत्पन्न नसेल, तर ही बंदी लागू होत नाही. 'दोघांपैकी एकाचंही' हे शब्द नीट ऐका. समोरचा शहरात नोकरी करून कर भरत असेल तर तुमचा सातबारा तुम्हाला वाचवणार नाही.

आता कुणी म्हणेल, दंड विकणाऱ्याला आहे ना, मग घेणाऱ्याचं काय जातं? त्या गृहस्थांनीही हेच विचारलं, जरा मिस्कीलपणे. मी त्यांना म्हटलं, समजा उद्या बाईंच्या घरच्या कुणी मोडता घातला आणि व्यवहार फिसकटला. तुमचे तीन लाख अडकले. तुम्ही कोर्टात जाणार, दाव्यात लिहिणार की मी तीन लाख रोख दिले. १६ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका जागेच्या वादात निकाल दिला. त्यात दावा करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्यांनी पंचाहत्तर लाख रुपये आगाऊ रोख दिले. न्यायालयाने सगळ्या दिवाणी न्यायालयांना सांगितलं की दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख दिल्याचं दाव्यात आलं, तर ते आयकर खात्याला कळवायचं. दस्त नोंदवताना असं दिसलं तर दुय्यम निबंधकानेही कळवायचं. म्हणजे पैसे मागायला कोर्टाची पायरी चढलात की पहिला प्रश्न येणार तो 'ही रोकड आणलीत कुठून' हा. आणि रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार कोण? दिले म्हणणारा एक, घेतलेच नाहीत म्हणणारा दुसरा. बँकेतून गेलेल्या पैशाबद्दल हा वादच होऊ शकत नाही. खातेउताऱ्यात तारीख, रक्कम, नाव सगळं असतं.

आणि व्यवहार गोडीगुलाबीने मोडला तरीही इसार परत करताना तोच नियम. वीस हजार आणि वरची रक्कम रोख परत केली तर परत करणाऱ्याला तेवढाच दंड. बाईंनी रोख घेतले असते आणि रोखच परत केले असते, तर एकाच तीन लाखांवर दोनदा दंडाची टांगती तलवार, आणि हातात रुपाया नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. तो व्यवहार डिसेंबरात ठरला होता. बाईंच्या नावावर वारसनोंद व्हायची होती, म्हणून साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, डिसेंबरात आणि प्रत्यक्ष विक्रीचं खरेदीखत मे महिन्यात करायचं होतं. मध्ये येतो १ एप्रिल, आणि रेडीरेकनरचे, म्हणजे जागांच्या सरकारी मूल्याचे नवे दर आपल्याकडे त्याच तारखेला लागू होतात. डिसेंबरात त्या प्लॉटचं रेडीरेकनरप्रमाणे मूल्य होतं पस्तीस लाख, म्हणजे ठरलेल्या किमतीच्या खाली, काही अडचण नाही. धरून चालू की एप्रिलमध्ये ते एक्केचाळीस लाख झालं. कायदा दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतो. छत्तीस लाखांचे दहा टक्के तीन लाख साठ हजार, म्हणजे एकोणचाळीस लाख साठ हजारांपर्यंत माफ. एक्केचाळीस लाख त्याच्यावर गेले. मग आयकरवाले म्हणणार, बाई, तुम्ही प्लॉट एक्केचाळीस लाखांनाच विकलात असं आम्ही धरतो. न मिळालेल्या पाच लाखांवर बाईंना भांडवली नफ्याचा कर. आणि घेणाऱ्याला म्हणणार, पाच लाखांचा माल तुम्हाला स्वस्तात मिळाला, ते तुमचं उत्पन्न. तो तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर नुसता मूळ कर दीड लाख.

यातून सुटका आहे. किंमत साठेखताच्या दिवशी ठरली असेल, तर खरेदीखताच्या ऐवजी साठेखताच्या तारखेचं सरकारी मूल्य धरता येतं. म्हणजे एक्केचाळीस नाही, पस्तीस. दोघांचाही प्रश्न मिटला. पण अट एकच: त्या तारखेला किंवा तिच्या आधी किमतीचा काही भाग अकाउंट पेयी चेकने, ड्राफ्टने किंवा ऑनलाइन बँकेतून दिलेला असला पाहिजे. इसार रोख दिला असेल तर ही सवलत दोघांनाही नाही.

हे सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ते गृहस्थ म्हणाले, "पिशवी उचलतो."

'वरच्या' पैशांबद्दलही थोडं बोलतो. साठ लाखांचा फ्लॅट, कागदावर अठ्ठेचाळीस, बारा लाख वरून रोख. विकणारा म्हणतो सगळे असंच करतात. घेणाऱ्याने पुढची विक्री डोळ्यांसमोर आणावी. काही वर्षांनी तो फ्लॅट पंचाहत्तर लाखांना गेला. खरा नफा पंधरा लाख. पण दाखवायला खरेदी अठ्ठेचाळिसचीच, म्हणून नफा सत्तावीस लाख. ज्या बारा लाखांवर आधीच्या मालकाने कर चुकवला, तो कर आता हा भरणार. साडेबारा टक्क्यांनी दीड लाख होतात. आणि पुढचा घेणारा कर्ज काढून येणारा असेल, त्याला सगळी रक्कम कागदावरच हवी असेल, तर हे टाळताही येत नाही. शिवाय आज स्वतःलाच कर्ज हवं असेल तर बँक कागदावरच्या अठ्ठेचाळीस लाखांवरच हिशेब करते, बारा लाख खिशातूनच.

बाईंच्या व्यवहारात सोमवारी दुपारी तीन लाख आरटीजीएसने आले. साठेखतात मोबदल्याच्या कलमात मी नुसतं 'इसारापोटी रक्कम मिळाली' असं लिहिलं नाही. कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेतून, कुठल्या खात्यातून, कुठल्या तारखेला, आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक काय, हे सगळं लिहिलं. घेणाऱ्यांनी पैसे मुलाच्या खात्यातून पाठवले होते, म्हणून 'लिहून घेणार यांच्या वतीने त्यांच्या मुलाने' हे शब्द मुद्दाम घातले. नाहीतर पुढे मुलगा म्हणायचा, प्लॉट माझ्या पैशाचा. वारसनोंदीत बाईंबरोबर त्यांच्या मुलीचंही नाव लागलं, तेव्हा उरलेले तेहेतीस लाख मेमध्ये दोन खात्यांत, दोन वेगळ्या यूटीआरने आले.

निबंधकांच्या कार्यालयात सहीच्या आधी बाईंनी चष्मा लावून ते तिन्ही क्रमांक पासबुकाशी एकेक आकडा ताडून पाहिले. एका क्रमांकात टंकलेखनाची चूक निघाली. माझीच होती. दुरुस्त केली, दोन्हीकडच्या आद्याक्षरी सह्या घेतल्या, आणि मग अंगठे झाले.