शॉपफ्लोअरच्या दाराआधी

नमस्कार श्रोतेहो. भोसरीच्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. बाहेरून पाहुणे आले, की त्यांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे असायचं.

एकदा 24 जणांचं शिष्टमंडळ दुपारी 2 वाजता आलं. चहा झाला आणि मी कंपनीची ओळख सुरू केली. स्थापना, उलाढाल, मिळालेली प्रमाणपत्रं, सगळं सांगत पडद्यावर 50 मिनिटं गेली. आमची पहिली पाळी साडेतीनला सुटायची आणि सव्वातीनपासून कामगार यंत्रं पुसायला घ्यायचे. पाहुणे हॉबिंग मशीनपाशी पोचले तेव्हा ते थांबलेलं होतं. गिअरचे दाते कापले जाताना बघायलाच ती माणसं आली होती. त्याची चुटपुट मला अजून आहे.

तेव्हापासून स्वागत मी दहा मिनिटांत बसवलं. पडद्याऐवजी दोन तुकडे हातोहात फिरवायला लागलो. एक फोर्जिंगहून आलेला काळा, खडबडीत, सव्वा किलोचा, आणि दुसरा तयार गिअर, जेमतेम 900 ग्रॅमचा. मी म्हणायचो, "मधले 350 ग्रॅम आम्ही कसे काढतो, ते आता बघू." कंपनीची ओळख तेवढ्यात व्हायची. उलाढालीचे आकडे छापील पत्रकात असायचे, ज्याला हवे तो वाचेल.

पण खरी मेहनत घ्यावी ती यजमानांची ओळख करून देताना. नुसतं "हे आमचे उपव्यवस्थापक" म्हटलं, तर पाहुण्याच्या हाती काय लागतं? मी सांगायचो, "या मॅडम हीट ट्रीटमेंट बघतात. दाता वरून कडक आणि आतून चिवट कसा राहतो, ते यांना विचारा." ज्यांचं नाव घेतलं त्यांनी उभं राहायचं, हेल्मेट न घालता. कारण आत गेल्यावर हेल्मेट आणि चष्म्यात सगळे सारखेच दिसतात. म्हणून वाट दाखवणाऱ्याच्या हेल्मेटचा रंगही वेगळा ठेवायचो, आणि 24 जणांचे दोन गट करायचो. बारापेक्षा जास्त माणसं झाली, की मागच्यांना काही ऐकू येत नाही.

हे सगळं खोलीतच उरकायचं, कारण आत बोलणं पोचत नाही. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की कानात इअरप्लग घालावे लागतात. त्यामुळे पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चाला, सैल ओढणी आणि टाय काढून ठेवा, भोंगा वाजला तर फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत जमा, हे दाराआधीच सांगायचं. पाहुणे परदेशी असतील आणि दुभाषी असेल, तर दहाची वीस मिनिटं होतात. तेव्हा मी वाक्यं निम्मी करायचो, पण यजमानांची नावं आणि सुरक्षेच्या सूचना यांना कात्री लावायचो नाही.

नंतर एकदा 2 वाजता आलेले पाहुणे सव्वादोनला हॉबिंगपाशी उभे होते. तेल उडत होतं, गरम बुरादा ट्रेमध्ये पडत होता, आणि त्यातल्या एकानं खिशातून आमचा तो काळा तुकडा काढून मशीनवरच्या गिअरशेजारी धरला.