लिपी काय गाळते

नमस्कार मंडळी. सुरुवात एका मातीच्या पाटीपासून करतो. ग्रीसच्या दक्षिणेला पायलॉस म्हणून जागा आहे, तिथला राजवाडा इ.स.पू. 1200 च्या आसपास आगीत जळून गेला, आणि त्या आगीत राजवाड्याच्या कोठीतल्या कच्च्या मातीच्या पाट्या विटांसारख्या भाजून निघाल्या म्हणून त्या आज आपल्या हातात आहेत. त्यातली एक पाटी कार्ल ब्लेगेन यांना 1952 च्या उत्खननात मिळाली. तिच्यावर भांड्यांची यादी आहे, शब्द, मग भांड्याचं छोटंसं चित्र, मग आकडा, अशी. एका तीन पायांच्या भांड्याच्या चित्राशेजारी चार चिन्हं आहेत, ती वाचली की होतं "ति-रि-पो-दे", आणि पुढे आकडा 2.

आता हे नुसतं मोठ्याने म्हणून बघा. तिरिपोदे, म्हणजे त्रिपोदे, तीन पायांची दोन भांडी, आपल्या तिवईची लांबची बहीणच. पुढची भांडी कानांवरून सांगितलीत, आपण कपाचा कान म्हणतो ना तोच कान: चार कानांचं ते "क्वे-तो-रो-वे", तीन कानांचं "ति-रि-यो-वे", आणि बिनकानांचं "अ-नो-वे". क्वेतोरो म्हणजे आपलं चत्वारि, आणि अनोवेमधला अन् हा आपल्या अनावश्यक, अनोळखीमधलाच अन्. बाजूच्या चित्रांत खरंच चार, तीन आणि शून्य कान काढलेत! ही लिपी, लिनिअर बी, मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज आर्किटेक्टने 1952 मध्ये उलगडली होती, भाषा ग्रीक आहे असं तो म्हणत होता आणि बऱ्याच जणांना ते पटत नव्हतं. ही पाटी त्याने आधी पाहिलेलीच नव्हती, ब्लेगेननी 1953 मध्ये त्याच्याच किल्लीने ती वाचून पाहिली आणि शब्द चित्रांशी जुळले. मला ही गोष्ट सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

पण आज मला त्या शोधाबद्दल नाही, त्या लिपीच्या अडचणीबद्दल बोलायचंय. त्रिपोदे असा सरळ शब्द असताना लिहिणाऱ्याने तिरिपोदे का लिहिलं? कारण त्याच्याकडे "त्रि" लिहायची सोयच नव्हती. लिनिअर बी ही सिलॅबरी आहे, म्हणजे एक चिन्ह म्हणजे एक अख्खं अक्षर, पा, पे, पि, पो, ता, ते, ति, असं, आणि अशी साधारण 87 चिन्हं. सुटं व्यंजन नाही आणि जोडाक्षर तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे जोडाक्षर आलं की ते फोडायचं, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन आलं की ते चक्क सोडून द्यायचं. एका भांड्याला "त्रिपोस" म्हणायचे, लिहायचे नुसतं "ति-रि-पो". "पा-ते" असं लिहिलं असेल तर तो पातेर म्हणजे बाप असू शकतो किंवा पान्तेस म्हणजे सगळे. त्यात ल आणि रला एकच चिन्ह, प, फ आणि बलाही एकच. हे असं का झालं, तर ही लिपी मुळात क्रीट बेटावरच्या वेगळ्याच भाषेसाठी घडली होती, ग्रीकांनी ती उचलली आणि आपल्या जोडाक्षरांनी गच्च भरलेल्या भाषेवर चढवली, दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालावा तसं.

तरीही काम भागलं, कारण काम कोठीतल्या यादीचं होतं, वाचणारे मूठभर कारकून होते, आणि शब्दात जे गळलं ते शेजारचं चित्र भरून काढत होतं. मी लिपीकडे बघतो ते याच नजरेने. प्रत्येक लिपी काहीतरी गाळते. बघायचं एवढंच की काय गाळते, आणि गाळलेलं कोण भरून देतं.

राजवाडे पडले आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवरून लिहिणंच गेलं, काही शतकं. नंतर ग्रीक लोक परत लिहायला शिकले ते फिनिशियन व्यापाऱ्यांकडून. फिनिशियन लिपीत 22 अक्षरं, सगळी व्यंजनं, स्वर एकही नाही. अशा लिपीला अब्जद म्हणतात, अरबीच्या जुन्या क्रमातली पहिली चार अक्षरं अलिफ, बा, जीम, दाल, त्यावरून. आता व्यंजनांपैकी काही आवाज ग्रीकमध्ये नव्हतेच, उदाहरणार्थ पहिलं अक्षर आलेफ, त्याचा उच्चार म्हणजे घशात दिलेला एक हलका झटका. ग्रीकांना तो ऐकूच येत नसणार, त्यांना ऐकू आला त्याच्या मागचा "आ", आणि ते अक्षर झालं आ. तसंच "हे"चं झालं ए आणि "आयिन"चं झालं ओ. उरलेली अक्षरं वापरून टाकली म्हणा ना! पण त्यातून स्वराला व्यंजनाइतकाच मान देणारी लिपी तयार झाली, तीच अल्फाबेट, आणि आता त्रिपोस लिहिताना काहीही फोडावं किंवा टाकावं लागत नव्हतं.

यावरून कुणी म्हणेल की स्वर नसलेली लिपी अर्धवट. मला ते अजिबात मान्य नाही. अरबीच बघा, आणि त्यासाठी अरबी यायला हवी असंही नाही. हुकूम, हाकीम, हकीम, महकमा, हे सगळे शब्द आपल्याकडे दफ्तरांतून आलेले आहेत, आणि सगळ्यांच्या पोटात ह-क-म ही तीनच व्यंजनं आहेत. अर्थ त्या तिघांत असतो, आणि स्वर सांगतात की हा करणारा आहे, केलेलं आहे, का जागा आहे. मग लिपीने व्यंजनं ठळक लिहिली आणि आखूड स्वर सोडले तर वाचणाऱ्याला घराणं लगेच दिसतं. क-त-ब एवढंच लिहिलं असेल तर ते "कतब" म्हणजे त्याने लिहिलं, "कुतिब" म्हणजे लिहिलं गेलं, किंवा "कुतुब" म्हणजे पुस्तकं असू शकतं, पण वाक्यात ते कुठे बसलंय त्यावरून अरबी वाचणारा बहुतेक वेळा अडत नाही, आणि जिथे चूक होऊनच चालणार नाही, कुराणात, तिथे स्वरांच्या खुणा वरखाली घालतात. म्हणजे इथे गाळलेलं भरून देतं ते व्याकरण.

तीच लिपी तुर्कीवर आली आणि गाडी अडली. तुर्कीत आठ स्वर, आणि शब्दाचा अर्थ स्वरावर फिरतो. ओल्दू म्हणजे झाला, आणि तोच ओ ओठ गोल ठेवून जीभ पुढे आणून म्हटला की ओल्दू म्हणजे मेला. अरबी लिपीत दोन्ही सारखंच लिहायचं. मग "मेहमेद पाशा ओल्दू" असं पत्रात आलं तर मेहमेद पाशा झाला म्हणून पेढे वाटायचे का मेहमेद पाशा गेला म्हणून भेटायला जायचं? 1 नोव्हेंबर 1928 ला तुर्कस्तानने कायदा करून लॅटिन लिपी घेतली, 29 अक्षरं, त्यात आठ स्वरांना आठ वेगळी अक्षरं. त्यामागे राजकारण भरपूर होतं, आणि पुढच्या पिढ्यांना आजोबांची पत्रं वाचता येईनाशी झाली हे नुकसानही मोठंच, पण निव्वळ भाषेच्या मापाने बघितलं तर नवा सदरा नीट बसला.

सिलॅबरी वाईट असाही अर्थ काढू नका हं. जपानी भाषेत जोडाक्षरं जवळपास नाहीत, व्यंजनापाठोपाठ स्वर येतोच, शेवटी फार तर एक न. तिथे 46 मूळ चिन्हांत काम होतं, आणि उच्चार हाताळायला ती सुंदरच आहेत. पण महाराष्ट्र लिहायला गेलं की "मा-हा-रा-शु-तो-रा" होतं, पायलॉसच्या कारकुनाचीच अडचण परत! आणि जपानीची खरी अडचण वेगळीच आहे, सारख्या उच्चाराचे शब्द ढीगभर. "किकाई" म्हणजे यंत्र आणि किकाई म्हणजे संधी. नुसत्या उच्चारावरून कळत नाही, म्हणून ते चिनी चिन्हं, कांजी, सोबत ठेवतात, सरकारी यादीत 2136 आहेत. यंत्राचं कांजीतलं रूप वेगळं, संधीचं वेगळं, डोळ्याला लगेच कळतं.

चिनी लिपीला लोक चित्रलिपी म्हणतात ते मला खटकतं. आईसाठीच्या "मा" या चिन्हात डावीकडे बाईचं चिन्ह आणि उजवीकडे घोड्याचं. आईचा घोड्याशी काय संबंध? काहीच नाही, घोड्यालाही मा म्हणतात, फक्त सूर वेगळा, म्हणून उच्चार सुचवायला घोडा आणि अर्थ सुचवायला बाई. बहुतेक चिन्हं याच जातीची आहेत. आपणही रोज अशी चिन्हं वापरतो, 5 लिहिलं की मी पाच म्हणतो, तमिळ माणूस ऐन्दु म्हणतो, अर्थ दोघांना पोचतो. छोट्या छोट्या, न बदलणाऱ्या शब्दांची आणि सारख्या उच्चारांनी भरलेली भाषा असेल तर हे जमतं. मराठीत घर, घराला, घरातून, घरातल्यांनासुद्धा, असं शेपूट वाढत जातं, ते या पद्धतीत बसवायचं म्हणजे हाल. किंमतही आहेच, चिनी मुलांना वर्षानुवर्षं घोटून साधारण 3500 चिन्हं पक्की करावी लागतात.

आता आपल्याकडे येऊ. देवनागरी यातल्या कुठल्याच डब्यात नीट बसत नाही. बाराखडी म्हणताना ती सिलॅबरी वाटते, पण जपानी का, कि, कु ही एकमेकांशी चेहरा न जुळणारी तीन चिन्हं आहेत आणि आपल्या का, कि, कुमध्ये क तोच राहतो. व्यंजनात अ गृहीत धरायचा आणि बदल असेल तेवढाच मात्रेने दाखवायचा. आणि जोडाक्षर! पायलॉसच्या त्या कारकुनाला जे हवं होतं ते "त्रि" आपण एका झटक्यात लिहितो. संस्कृतसारख्या भाषेला हे अगदी मापाचं आहे.

मराठीला? जवळजवळ. कारण मराठीत च आणि ज दोन-दोन आहेत. "जरा थांब" मधला जरा आणि "जरा-मरण" मधला जरा म्हणून बघा, लिहायला एकच. आपण शब्द ओळखतो आणि मग उच्चार ठरवतो, अगदी अरबी वाचणाऱ्यासारखं. बाहेरून मराठी शिकणारा इथेच अडतो, त्याला विचारा. आणि मोडीने तर आणखी गाळलं, इ आणि ई एकच, उ आणि ऊ एकच, शब्दांमध्ये जागाही नाही. लोक याला मोडीचा दोष म्हणतात. मला वाटतं मोडी लिहिणाऱ्यांचा कान चांगला होता: मराठी बोलण्यात इ-उची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून आपोआप ठरते, शेवटचा ई लांबच म्हणतो आपण. मग लेखणी न उचलता भराभर हिशेब उतरवायचे असताना जे कानाला आपसूक कळतं ते कशाला लिहायचं? अडचण येते ती आज दफ्तरातला कागद वाचायला बसलेल्याला, आणि तीही ऱ्हस्व-दीर्घाची कमी, शब्द कुठे तुटतो याची जास्त. गावांची नावं आणि माणसांची आडनावं येतात तिथे तर दहादा मागेपुढे बघावं लागतं, कारण नावाला वाक्याचा आधार नसतो, आणि शेजारी चार कानांच्या भांड्याचं चित्रही कुणी काढून ठेवलेलं नसतं.