उन्हाळी पुन्हा पुन्हा का लागते?

[दृश्य: सकाळची डोंबिवली, महिलांच्या डब्यासमोरची गर्दी]

पावणेसातला घरून निघताना लघवीला जाऊन यायचं. मग लोकल, ऑफिस, आणि दुपारच्या डब्यापर्यंत जमेल तितकं थांबायचं. लोकलमध्ये सोय नाही आणि स्टेशनातल्या स्वच्छतागृहात जायला मन धजत नाही. म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी पितात. लघवीचा संसर्ग वारंवार होण्याची सुरुवात अनेकदा इथेच होते.

बहुतेक वेळा जंतू असतो ई. कोलाय. त्याचा मुक्काम आपल्याच आतड्यात. तिथून तो योनीमार्गाच्या आसपास येतो आणि लघवीच्या नळीत शिरतो. बाईची ही नळी जेमतेम 4 सेंटीमीटर लांब, पुरुषाची साधारण 20. लघवीच्या धारेबरोबर जंतू धुऊन निघतात, पण पाच-सहा तास धारच नसेल तर त्यांना वाढायला मोकळं रान मिळतं. शिवाय ई. कोलायच्या अंगावर बारीक तंतू असतात. त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, काही वेळा पेशींच्या आतही जाऊन बसतो.

[दृश्य: मेडिकलच्या दुकानाचा काउंटर, हातात पट्टीतल्या दोन-चार गोळ्या]

समजा, यातल्याच एका बाईंना जळजळ सुरू झाली. घोटभर लघवी होते आणि पुन्हा जावंसं वाटतं. घरचे म्हणतात, उन्हाळी लागली, धण्या-जिऱ्याचं पाणी घे. ते घ्यायला हरकत नाही, पण त्याने जंतू मरत नाहीत. सायट्रेटचं सिरपही जळजळ कमी करतं, तेवढंच. मग मेडिकलमधून अँटिबायोटिक येतं. दोन दिवसांत बरं वाटतं, उरलेल्या गोळ्या पर्समध्ये राहतात. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि पर्समधल्याच गोळ्या.

आता प्रश्न असा: हा जुनाच जंतू उरला होता, की नवा आला? औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास परतला तर पहिली शंका जुन्याची. औषध त्याच्यावर चाललं नसेल, अपुरं पडलं असेल किंवा खडा, अडथळा असं काही आत असेल. त्यानंतर झाला तर बहुधा नवा संसर्ग. हे ओळखायचं तर लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी लागते, आणि नेमकी तीच झालेली नसते. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर कल्चर टाळू नये.

[दृश्य: निर्जंतुक डबी, जवळून]

नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. हात धुवायचे, योनीचे बाहेरचे ओठ बोटांनी दूर धरायचे, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली डबीत घ्यायची. डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. तासाभरात लॅबमध्ये पोचत नसेल तर नमुना फ्रिजमध्ये. डबी पर्समध्ये घेऊन लोकलने फिरलात, तर उकाड्यात जंतू वाढतात आणि अहवाल दिशाभूल करतो. अहवालात अनेक प्रकारचे जंतू दिसले तर बहुधा नमुनाच बिघडलेला असतो. आणि त्रास गेल्यावर 'खात्रीसाठी' कल्चर करत बसू नये. लक्षणं नसताना सापडलेल्या जंतूंना सहसा औषध लागत नाही. गरोदरपण हा मोठा अपवाद.

पाण्याचं म्हणाल तर त्याला अभ्यासाचा आधार आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पेयं घेणाऱ्या स्त्रियांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, तेव्हा संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुक्राणुनाशक जेल वापरत असाल तर गर्भनिरोधनाचा दुसरा पर्याय बघा. पाळी गेल्यावर योनीतले चांगले जंतू कमी होतात. तिथे लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडतं, पण ते फार थोड्या जणींना सुचवलं जातं.

[दृश्य: आकृती, मूत्राशयाकडून किडनीकडे]

किडनीकडून येणाऱ्या मूत्रवाहिन्या मूत्राशयाच्या भिंतीतून तिरक्या शिरतात. पिशवी भरली की भिंतीच्या दाबाने त्यांची तोंडं मिटतात, लघवी उलटी चढत नाही. गरोदरपणात या वाहिन्या सैलावतात, खड्याने लघवी अडून राहते. अशा वेळी जंतूंना वरची वाट सोपी होते. धडधाकट बाईतही काही जंतू चिकटत चिकटत वर जातात.

वर गेल्याची खूण जळजळ नव्हे. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीच्या एका बाजूला दुखणं, उलट्या. जळजळ तर कधी नसतेही, मग मुंबईच्या पावसाळ्यात हा ताप मलेरिया समजून अंगावर काढला जातो. मूत्राशयासाठी उत्तम असलेली नायट्रोफ्युरँटॉइनची गोळी इथे चालत नाही, कारण किडनीच्या ऊतीत ती पुरेशी पोचत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल किंवा दिवस गेलेले असतील तर थेट हॉस्पिटल. योग्य औषध सुरू होऊन 48 ते 72 तासांत ताप उतरला नाही, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून गळू आहे का, खडा अडकलाय का ते पाहतात. संसर्ग झालेल्या किडनीची वाट खड्याने बंद असेल, तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबता येत नाही. मूत्रवाहिनीत स्टेंट किंवा पाठीतून किडनीत नळी घालून तुंबलेली लघवी तातडीने काढावी लागते, खडा नंतर.