पाइप किती रुंद हवा?

[दृश्य: मलबार हिल, हँगिंग गार्डन, सकाळ]

या बागेत रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायाखाली माती आहे आणि मातीखाली पाण्याची टाकी. टाकी टेकडीवर बांधायची, म्हणजे उंचीच्या जोरावर पाणी आपोआप खाली उतरतं. पण त्या उंचीतला मोठा वाटा वाटेतच संपतो. पाइपाच्या आतल्या भिंतीला घासत जाताना पाणी तो खर्च करतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. टेकडीवरून खालच्या वस्तीपर्यंत दीड किलोमीटर पाइप टाकायचा आहे. सेकंदाला 100 लिटर पाणी हवंय आणि घर्षणात जास्तीत जास्त 12 मीटर उंची गमावायची मुभा आहे. पाइप बीडाचा, आतून अस्तर नसलेला. व्यास किती घ्यायचा?

[दृश्य: टेबलावर मूडीचा तक्ता, पट्टी, पेन्सिल]

हा तक्ता लुईस मूडी यांनी 1944 साली छापला. त्याआधी निकुराडसे यांनी पाइपांच्या आत वाळूचे कण चिकटवून प्रयोग केले होते, आणि बाजारातल्या खऱ्या पाइपांसाठी कोलब्रुक यांनी 1939 मध्ये सूत्र दिलं होतं. मूडींनी ते सूत्र सहज वाचता येईल असं रेखाटलं. आडव्या अक्षावर रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे पाण्याचा वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची चिकटपणाची मात्रा. उजवीकडे सापेक्ष खडबडीतपणा, म्हणजे भिंतीवरच्या उंचवट्यांची उंची भागिले व्यास. या दोन्हींवरून डावीकडे घर्षण गुणांक f वाचायचा; घर्षणात किती उंची जाते ते यावर ठरतं.

अडचण लगेच लक्षात येते. रेनॉल्ड्स संख्येत व्यास आहे आणि खडबडीतपणातही व्यास आहे. जे शोधायचंय तेच माहीत नसेल, तर तक्त्यावर बोट ठेवायचं कुठे?

म्हणून सुरुवात f पासूनच करायची. अंदाजाने. D व्यास, L लांबी, Q सेकंदाला वाहणारं पाणी, h गमावलेली उंची आणि g गुरुत्व त्वरण धरून घर्षणाचं सूत्र व्यासासाठी फिरवून लिहिलं की असं दिसतं:

```
D^5 = 8 f L Q^2 / (π^2 g h)
```

आपले आकडे मीटर, घनमीटर आणि सेकंदात भरले की उजवीकडे उरतं 0.1033 गुणिले f. आता मुद्दाम चढा अंदाज घेऊ: f = 0.03. पाचवं मूळ काढलं की व्यास येतो 315 मिलिमीटर. नव्या बीडाचा खडबडीतपणा 0.26 मिलिमीटर, त्याला 315 ने भागलं की 0.0008. मुंबईच्या कोमट पाण्यासाठी रेनॉल्ड्स संख्या सुमारे पावणेपाच लाख. या जागी तक्ता सांगतो, f आहे 0.0195.

म्हणजे आपला अंदाज खऱ्यापेक्षा दीडपट होता. हरकत नाही. 0.0195 घालून दुसरी फेरी: व्यास 289. पुन्हा तक्ता: f 0.0198. तिसरी फेरी: 290. आकडा हलायचा थांबला, उत्तर मिळालं.

इतक्या झटपट कसं? कारण व्यास पाचव्या घातात आहे. f पन्नास टक्के चुकला, तरी व्यास जेमतेम आठ-नऊ टक्के चुकतो. चूक प्रत्येक फेरीत पाचव्या मुळातून गाळली जाते. म्हणून पहिल्या अंदाजाची काळजी करत बसू नये. तक्ता स्वतःच खऱ्या पाइपांसाठी दहाएक टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असतो, तेव्हा f चा चौथा दशांश शोधण्यातही अर्थ नाही.

फेऱ्या मारून न सुधारणारी चूक वेगळी असते. काही तक्त्यांत फॅनिंगचा गुणांक छापलेला असतो, तो आपल्या f च्या एक चतुर्थांश. तो या सूत्रात घातला, तर हिशेब तितक्याच सुरळीतपणे 220 मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबेल आणि चूक झाल्याची शंकाही येणार नाही. ओळखायचं असं: डावीकडची संथ प्रवाहाची सरळ रेषा बघा. रेनॉल्ड्स संख्या 1000 असताना ती 0.064 दाखवत असेल तर तक्ता आपल्या कामाचा, 0.016 दाखवत असेल तर नाही.

[दृश्य: जुन्या पाइपाचा कापलेला तुकडा, आत गंजाच्या गाठी]

आणि मग हे. 290 च्या वरचं बाजारातलं माप 300. नवा असताना हा पाइप 12 मीटरमध्ये सेकंदाला 110 लिटर नेतो. पण बीडाला आतून गंजाच्या गाठी धरतात. खडबडीतपणा 1.5 मिलिमीटर झाला, की f जातो 0.03 वर आणि तोच पाइप 88 लिटरवर येतो. गाठींनी अडवलेली जागा यात धरलेलीच नाही. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि तरी चाळीच्या वरच्या मजल्यावर नळाला धार बारीक.

म्हणून खडबडीतपणा पहिल्या दिवसाचा धरू नये, पंचवीस-तीस वर्षांनंतरचा धरावा. 1.5 मिलिमीटर घेऊन तेच केलं, तर व्यास 315 वर स्थिरावतो आणि पाइप 350 चा घ्यावा लागतो. नवा असताना तो 160 लिटर नेऊ शकेल, म्हणून सुरुवातीला व्हॉल्व्ह दाबून ठेवायचा. पुढे गाठी वाढतील तसतसा, थोडा थोडा उघडत जायचा.