चाळिसाचे वीस

टाइमलाइनवर दिसणारा हा रफ कट 40 मिनिटांचा आहे. एक वयस्क सुतार लाकडी होडी बांधतो, एवढीच त्याची गोष्ट. महोत्सवाची मर्यादा 20 मिनिटांची आहे आणि ती श्रेयनामावलीसह मोजली जाते. त्यामुळे दोन मिनिटांची नामावली 40 सेकंदांवर आणली, तरी चित्रपटाला 19 मिनिटे 20 सेकंदच उरतात.

संकलकाने मूळ सिक्वेन्सची प्रत काढून ठेवली आणि प्रत्येक शॉट आगेमागे थोडा थोडा कातरायला घेतला. तीन दिवसांत साडेचार मिनिटे कमी झाली खरी, पण माणूस बोलून थांबल्यानंतरचा क्षण सगळीकडूनच गेल्यामुळे चित्रपट धापा टाकू लागला. ती सारी कातरणी रद्द करावी लागली.

मग प्रसंगांच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या, तेव्हा दिसले की इथे चित्रपट एक नसून दोन आहेत: एक होडीचा, दुसरा बंदराच्या जुन्या वैभवाचा. बंदराची तेरा मिनिटे, मिनतवारीने मिळवलेल्या मुलाखतींसह, एका दुपारीत निघाली. मिळवायला पडलेले कष्ट प्रेक्षकाला पडद्यावर दिसत नाहीत, हे संकलकाला ठाऊक असते. दिग्दर्शकाला ते पटवणे अवघड जाते.

धागा काढला की त्याची टोके भलतीकडेच उघडी पडतात. शेवटच्या प्रसंगात सुतार म्हणतो, “तो गेला, तेव्हाच मी ठरवलं होतं.” ‘तो’ म्हणजे त्याचा भागीदार, आणि त्याची ओळख बंदराच्या भागातच झालेली होती. कितीदा तरी पाहून झाल्याने संकलकाला हे खटकलेच नाही; प्रथमच पाहणाऱ्या मैत्रिणीने “कोण गेला?” असे विचारले, तेव्हा चूक कळली. रंधा मारणाऱ्या हातांच्या दृश्यावर मुलाखतीतले भागीदाराविषयीचे एक वाक्य ठेवले आणि वेळ न वाढता काम भागले. वाक्य मात्र अखंड घेतले. दोन उत्तरांतले तुकडे जोडून नवे वाक्य घडवले, तर सांधा दृश्याखाली लपतो, पण ते बोलणे मग त्या माणसाचे राहत नाही.

वाफवलेली फळी वाकवण्याचा एकच शॉट 1 मिनिट 50 सेकंद चालतो. हिशेबात तोच आधी कापायला हवा होता. पण फळी निवण्याआधी वाकवली नाही तर तडकण्याचा धोका असतो, आणि ती घाई वेळ अखंड ठेवला तरच जाणवते. म्हणून तो शॉट राहिला. त्याऐवजी सूर्योदयाची तीन मिनिटांची सुरुवात गेली, आणि आता चित्रपट वाफेच्या पेटीचे झाकण उघडताना सुरू होतो.

उरलेली पावणेतीन मिनिटे, हात जे दाखवतात तेच तोंडाने सांगणाऱ्या वाक्यांतून निघाली. पार्श्वसंगीत त्यानंतरच बसवले, कारण आधी बसवले असते तर प्रत्येक कापाबरोबर तेही तुटले असते. अखेरच्या प्रतीची लांबी 19 मिनिटे 55 सेकंद भरते.