कितवा नंबर चालू आहे?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी सहज म्हणालो की औषध कंपनीत एमआर असताना अकरा वर्षं सांगली-मिरजेच्या दवाखान्यांबाहेर बसून काढली. त्यावर तुम्ही औषधांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं काय, तर "दादा, तिथं शेजारच्याशी बोलायचं का? आणि समोरच्याला नको असेल तर कळतं कसं?" एक-दोन नाही, पन्नासेक कमेंट आहेत.

सुरुवातीचं पटकन उरकतो, कारण ते तुम्हाला येतंच. चप्पल बाहेर काढायची, रिसेप्शनला नाव सांगायचं, खुर्चीवर पिशवी दिसली तर "इथं कुणी आहे का?" म्हणायचं आणि बसताना शेजारच्याकडे बघून मान हलवायची. वयस्कर असतील तर नमस्कार किंवा रामराम. एवढंच. याला कुणी नाही म्हणत नाही.

त्यानंतर पहिला प्रश्न एकच चांगला: "कितवा नंबर चालू आहे?" तो कामाचा आहे, आजारपणाला हात लावत नाही आणि एका शब्दात संपवता येतो. समोरच्याला सुटायची वाट राहते. "काय होतंय तुम्हाला?" हा प्रश्न मात्र कृपा करून बंद करा. लोक त्वचेच्या दवाखान्यात बसून अनोळखी माणसाला हे विचारतात! वर "आमच्या साडूला असंच झालं होतं" सुरू. साडूचं पुढं काय झालं, ते ऐकायची त्या माणसाची तयारी नसते हो.

असो. खरी मेख पुढं आहे. समोरच्यानं उत्तर दिलं म्हणजे त्याला बोलायचंय, असं समजू नका. आपल्याकडं विचारल्यावर उत्तर न देणं म्हणजे माज. त्यामुळं दात दुखणारा माणूससुद्धा गालावर हात ठेवून उत्तर देतो. उत्तराला शेपूट आहे का, ते बघायचं. म्हणजे विचारलं त्यापेक्षा जास्तीचं काही आलं का.

एक प्रसंग सांगतो. विश्रामबागेत हाडांच्या डॉक्टरांकडं बसलो होतो. शेजारी एक काका, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, गुडघ्याला पट्टा. मी विचारलं, "काका, कितवा नंबर चालू आहे?" समजा ते "चौदा" म्हणाले आणि परत दाराकडं बघायला लागले, तर विषय संपला. "बरं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण काका म्हणाले, "चौदा. पण मधी दोघं घुसवलं बघा." ही शेपूट. आता मी एमआर, मधे घुसणाऱ्यांतलाच, त्यामुळं माझी जरा पंचाईत झाली, पण ते सोडा. शेपूट आली की त्या शेपटीवरच एक प्रश्न विचारायचा, नवीन विषय काढायचा नाही. मी म्हणालो, "लांबून आलाय का?" ते म्हणाले, "जतवरनं. पहिल्या एसटीनं निघालोय. तुमचा कितवा?" त्यांनी उलट विचारलं, तिथं दार उघडलं. मग पावसावरून डाळिंबावर आणि डाळिंबावरून जावयावर गेलो.

हीच गोष्ट कानानं ओळखता येते. २००९ साली दहा भाषांमधली रोजची बोलणी तपासून एक अभ्यास झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. 'हो' लवकर येतं, 'नाही' जरा उशिरा येतं. त्या दहांत मराठी नव्हती, पण दवाखान्यात बसून मला तरी वेगळं काही दिसलं नाही. "लांबून आलाय का?" ला "...हं" असं रेंगाळत आलं, की थांबा. फक्त आजीला कमी ऐकू येत असेल, माणूस तापानं फणफणला असेल किंवा मिरजेत शेजारी कर्नाटकातून आलेलं कुणी असेल, तर हा हिशोब चालत नाही. तिथं एका शब्दात उत्तर येतं ते भाषेमुळं. मी "नंबर एष्टु?" एवढंच कानडी शिकलो होतो. त्यावर अथणीच्या एका मावशींनी अर्धा तास कानडीत गप्पा मारल्या. मला काही कळलं नाही, पण शेपूट मात्र भलीमोठी होती.

आणि डोळ्यानं बघायचं असेल तर अंगठा बघा. हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाईल, त्यामुळं "मोबाईलवर आहे म्हणजे बोलायचं नाही" हा नियम कामाचा नाही. निम्मे लोक कंटाळून तेच तेच खाली-वर करत असतात. तुम्ही बोललात की अंगठा थांबतो का? उत्तर दिल्यावर मान परत स्क्रीनमध्ये जाते, की मोबाईल पालथा मांडीवर येतो? पालथा आला तर बोला. अंगठा फिरतोय आणि तोंडानं "हो, हो" चाललंय, तर ते फक्त रीत पाळतायत.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. एकदा एका ताईंशी मी बराच वेळ बोललो. त्या प्रत्येक प्रश्नाला हसून उत्तर देत होत्या. गाव कुठलं, मुलं कितवीत, सगळं. मला वाटलं, छान गप्पा चालल्यात. मग त्या उठल्या, कूलरचं पाणी प्यायल्या आणि परत येऊन समोरच्या ओळीत बसल्या. माझ्या शेजारची त्यांची खुर्ची मोकळीच. घरी जाताना गाडीवर आठवत बसलो, तेव्हा लक्षात आलं की प्रश्न सगळे मीच विचारले होते. एकही उलटा आला नव्हता. फाईल त्यांनी पहिल्यापासून छातीशी धरली होती. आणि मी हसणंच मोजत बसलो होतो.

यावर एका ताईंची कमेंट आहे, ती मला फार पटली. त्या म्हणतात, "तुम्ही एकदा ताई म्हणालात की आम्हाला बोलावंच लागतं." खरंय. काका, मावशी, ताई म्हटलं की आपण नातं जोडतो, आणि नात्यातल्या माणसाला तोडून बोलता येत नाही. म्हणून काका-मावशींना खुशाल हाक मारा, पण एकट्या बसलेल्या बाईला पुरुषानं नंबर विचारायचा तोही नात्याशिवाय विचारा, आणि मधे खुर्ची मोकळी असेल तर मोकळीच राहू द्या. दुसऱ्या एकानं लिहिलंय, "सातारला असं काही लागत नाही, आम्ही थेट बोलतो." बोला बाबा. पण समोरचा खुर्ची बदलतोय का, तेवढं बघा.

शेवटचं एक. माणूस आतून बाहेर आला की "काय म्हणाले डॉक्टर?" विचारू नका, अर्धा तास गप्पा झाल्या असल्या तरी. आतमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत नसतं. ते जतचे काका बाहेर आले, तेव्हा माझ्याकडं न बघताच चपलांकडं गेले. मीही बॅगेत डोकं घातलं. एका पायात चप्पल घालून ते थांबले, भिंतीला हात टेकला आणि वळून म्हणाले, "ऑपरेशन करा म्हणत्यात." मी म्हणालो, "बरं. घरी विचार करा. सावकाश जावा, काका." ते म्हणाले, "पोरीला फोन लावून देता का जरा?" मी उठलो आणि नंबर लावून दिला.