सेल्फीतले नाक आणि हाताचे अंतर

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, गेल्या उन्हाळ्यात माझी भाची लग्नाच्या बायोडाटासाठी सेल्फी काढत बसली होती. वीस-पंचवीस फोटो काढून झाल्यावर तिने मोबाइल माझ्या हाती दिला आणि विचारले, "मामा, मन्हं नाक इतलं मोठं शे का?" नाक मोठे नव्हते. फोटोत मात्र ते खरोखर मोठे दिसत होते, कान मागे सरकल्यासारखे झाले होते आणि चेहरा अरुंद वाटत होता. माझी उभी हयात स्टुडिओत गेली आहे, म्हणून हे कशाने होते ते आज नीट उलगडून सांगतो.

भाचीने कोपर वाकवून मोबाइल धरला होता, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कॅमेरा साधारण 30 सेंटिमीटरवर होता. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली ढोबळमानाने 12 सेंटिमीटर धरली, तर कान कॅमेऱ्यापासून 42 सेंटिमीटरवर येतो. जी वस्तू जवळ ती त्या प्रमाणात मोठी दिसते, त्यामुळे कानाच्या तुलनेत नाक जवळजवळ दीडपटीकडे झुकते. नेमके सांगायचे तर 1.4 पट. हात पूर्ण ताणून अंतर 60 सेंटिमीटर केले की हेच प्रमाण 1.2 पट होते, आणि दीड मीटरवर ते 1.08 पटीवर येते, जे डोळ्यांना जाणवतही नाही. समोर बसून गप्पा मारणारा माणूस आपल्याला साधारण एवढ्याच अंतरावरून पाहतो, म्हणून दीड मीटरवरचा चेहरा ओळखीचा वाटतो. 2018 साली अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या शल्यचिकित्सकांनी याच दोन अंतरांची गणिती तुलना प्रसिद्ध केली होती. त्यांच्या हिशेबानुसार 30 सेंटिमीटरवरच्या सेल्फीत नाकाचा तळ दीड मीटरच्या मानाने सुमारे 30 टक्के रुंद दिसतो. सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांना समजावून सांगण्यासाठी त्यांना हा हिशेब हवा होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नाकाचा हा दोष लोक लेन्सच्या माथी मारतात, पण तो अंतराचा आहे. लेन्सचा दोष निराळा. पुढच्या कॅमेऱ्याची लेन्स रुंद कोनाची असते आणि तिच्यात चौकटीच्या कडेला आलेली वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते. लग्नातल्या घोळक्याच्या सेल्फीत अगदी टोकाला उभ्या असलेल्या काकांचे डोके पसरट दिसते ते यामुळे. म्हणून चेहरा चौकटीच्या मध्यभागी ठेवावा, हात पूर्ण लांबवावा आणि चेहरा लहान दिसला तरी चालवून घेऊन नंतर फोटो कापावा. 12 मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीने निम्मा कापला तरी 3 मेगापिक्सेल उरतात, आणि पोस्टकार्डाएवढ्या छपाईला ते पुरतात.

भाचीसाठी मी मोबाइल ओट्यावरच्या पितळी तांब्याला टेकवून उभा केला, खाली दोन उशा रचल्या, टायमर 10 सेकंदांवर लावला आणि तिला दीड मीटर मागे बसवले. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत, किंचित वर आणला. तो खाली राहिला असता तर हनुवटी जवळ आल्याने जड दिसली असती आणि नाकपुड्या उघड्या पडल्या असत्या. फार वर धरला तर कपाळ फुगते आणि हनुवटी निमुळती होते. दूरच्या कॅमेऱ्यात कोनाची ही चूक पुष्कळ सौम्य होते, म्हणून मी आधी अंतर बघतो.

उरला प्रकाश. आपल्याकडचे मे महिन्यातले दुपारचे ऊन थेट डोक्यावरून येते, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या, धारदार सावल्या पडतात. सूर्य प्रचंड असला तरी आकाशात तो लहानसा ठिपका आहे, आणि लहान उगमाचा प्रकाश कठोर असतो. ओसरीच्या सावलीत उघड्या अंगणाकडे तोंड करून बसले की अख्खे आकाश आणि अंगण उजेड देतात. उगम मोठा झाल्याने सावलीची कड विरघळते. खात्री करायची असल्यास तळहातावर बोट धरून त्याची सावली पाहावी: कड स्पष्ट दिसली तर जागा बदलावी. भाचीला आधी केळीच्या बागेत फोटो हवा होता. तिथली सावली मऊ असते हे खरे, पण पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि त्याची झाक गालांवर उतरते. हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या भिंतीजवळही हेच घडते. मी तिला चुन्याच्या पांढऱ्या भिंतीशेजारी बसवले; अंगणाकडून येणारा उजेड एका गालावर पडत होता आणि भिंतीवरून परतलेला दुसऱ्या गालावरची सावली उजळत होता.

चौथा फोटो तिने ठेवला. त्यावर फिल्टर लावलेला नाही, आणि तिच्या आजीने तो पाहून लगेच म्हटले, "आते हाई आपली पोर दिखस."